फील्डवर्क लांबलं, गाईडना पत्र कसं लिहू? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीएचडीचं फील्डवर्क ठरल्याप्रमाणे झालं असं म्हणणारी व्यक्ती भेटली की मला थोडी शंकाच येते. त्यामुळे उशीर झाला म्हणून घाबरू नका. मात्र तो कागदावर नीट मांडायला हवा, आणि तिथेच बऱ्याच जणी अडतात. मोघम सूचनांनी फारसं हाती लागत नाही, म्हणून इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच उदाहरण घेतलं आहे: बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांतील स्त्रियांची आजारपणं आणि त्यांचा खर्च यावर काम करणारी विद्यार्थिनी. विद्यार्थिनी आणि तिचे आकडे नमुन्यासाठी रचलेले आहेत. हंगामाच्या आणि निवडणुकीच्या तारखा मात्र खऱ्या आहेत.

उशीर नेमका कसा सांगायचा? "दोन महिने मागे आहे" एवढं पुरेसं नाही का?

नाही. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

आपल्या विद्यार्थिनीचा आराखडा असा होता. धारूर आणि वडवणी तालुक्यांतल्या तीन गावांतले 120 कोयते घ्यायचे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादम उचल देतो ती या जोडीला. प्रत्येक कोयत्यातल्या बाईला तीनदा भेटायचं: गाव सोडण्याआधी, उसाच्या फडावर काम चालू असताना आणि गावी परतल्यावर. हंगामाने बाईच्या तब्येतीवर आणि घराच्या कर्जावर काय परिणाम केला, ते या तीन भेटींमधल्या फरकातून दिसणार.

आता पहिली फेरी दोन महिने लांबली तर काय होतं? ती दोन महिन्यांनी करताच येत नाही. टोळ्या दसऱ्यानंतर हलायला लागतात आणि कारखान्यांचं गळीत सुरू झालं की गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात. सुटलेली पहिली फेरी थेट पुढच्या वर्षीच्या हंगामाआधीच मिळते. म्हणजे दोन महिन्यांच्या उशिराची किंमत एक वर्ष आहे, नाहीतर आराखडाच बदलायचा.

उलटही असतं. तिसऱ्या फेरीला तीन आठवडे उशीर झाला तर फारसं बिघडत नाही, कारण माणसं तेव्हा गावातच असतात. म्हणून पत्रात दिवस मोजत बसू नका. कुठली संधी हुकली, ती पुन्हा कधी येते आणि ती नसताना संशोधनाचा कुठला प्रश्न अनुत्तरित राहतो, हे सांगा. गाईडना निर्णय घ्यायला तेवढंच लागतं. भातलावणी, मासेमारीबंदी, शाळेचं वर्ष, वारी, अशा कुठल्याही ठरावीक काळाला बांधलेल्या विषयाला हेच लागू पडतं.

कारणं किती सविस्तर लिहायची?

प्रत्येक कारणाला दोन-तीन वाक्यं, आणि त्यात ते कारण संपलंय की अजून चालूच आहे हे यायला हवं. आपल्या उदाहरणात तीन कारणं आहेत.

नैतिकता समितीची मंजुरी जूनमध्ये मागितली होती, ती 22 ऑक्टोबरला मिळाली. समितीने संमतीपत्रकावर हरकत घेतली होती. वाचता न येणाऱ्या बाईची तोंडी संमती साक्षीदारासमोर कशी नोंदवणार, आणि तो साक्षीदार मुकादमाचा माणूस नसेल याची काय व्यवस्था, असं त्यांनी विचारलं. खरं सांगायचं तर हरकत रास्त होती. हे कारण आता मिटलं आहे.

दुसरं निवडणुकीचं. 15 ऑक्टोबर 2024 ला विधानसभेची आचारसंहिता लागली, मतदान 20 नोव्हेंबरला होतं. अशा दिवसांत कागद-पेन घेऊन दारोदार फिरणारी अनोळखी मुलगी कुठल्या पक्षाकडून आली, हाच पहिला प्रश्न असतो. शिवाय त्या वर्षी गळीत 15 नोव्हेंबरपासून सुरू करायचं ठरलं होतं. काही टोळ्या आधीच निघाल्या, काही मतदानासाठी थांबल्या, आणि कोण कधी निघणार याचा अंदाज बांधता येईना. हेही कारण संपलं आहे.

तिसरं कारण अजून संपलेलं नाही: फडावर पोचल्यावर मुकादम बाईला एकटीला बोलू देत नाही. हे पुढच्या फेरीतही आडवं येणार, म्हणून पत्रात सगळ्यात जास्त जागा याला द्या. पहिली दोन कारणं चार ओळींत संपवा. बहुतेक पत्रांत याच्या अगदी उलट झालेलं असतं. समितीवरचा राग पानभर असतो आणि पुढची अडचण एका ओळीत उरकलेली असते.

अर्धवट जमलेल्या माहितीचं काय करायचं? सुटलेल्यांना आता मागचं विचारलं तर?

आपल्या विद्यार्थिनीने 25 ऑक्टोबर ते 14 नोव्हेंबर या काळात, मध्ये दिवाळी असूनही, 46 बायकांची पहिली फेरी पूर्ण केली. 74 राहिल्या. त्यांना फडावर गाठून "निघायच्या आधी तब्येत कशी होती?" असं विचारण्याचा मोह कुणालाही होईल. गाईड पहिल्यांदा हेच सुचवतील, म्हणून उत्तर पत्रातच असू द्या.

काही गोष्टी माणसाच्या लक्षात पक्क्या असतात. उचल किती घेतली, मागच्या वर्षीची किती बाकी होती, कुठली मुलं गावी ठेवली, कुठल्या दिवशी गाडी निघाली, हे तीन महिन्यांनी विचारलं तरी नीट सांगतात. उचलीचा आकडा तर मुकादमाकडे लिहिलेलाही असतो, ताडून बघता येतो. दवाखान्यात भरती व्हावं लागलं असेल तर तेही कुणी विसरत नाही.

कंबरदुखी, अंगावरून जाणं, ताप, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या यांचं मात्र तसं नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या आरोग्यविषयक फेरीत भरतीबद्दल मागच्या 365 दिवसांचं विचारतात, पण साध्या आजारपणाबद्दल फक्त 15 दिवसांचं, ते याचमुळे. त्यात फडावरची एक गोष्ट आणखी आहे. जी बाई आज पहाटेपासून मोळ्या वाहून थकली आहे, तिला गावातले दिवस आहेत त्यापेक्षा बरे आठवतात. म्हणजे चूक नुसती होत नाही, ती एकाच बाजूला झुकते. हंगामाचा परिणाम आहे त्याहून मोठा दिसेल, आणि तोंडी परीक्षेत परीक्षक नेमकं तेच पकडतील.

म्हणून 74 जणींकडून उचल, मुलं आणि भरती एवढंच मागचं विचारायचं, किरकोळ आजारपणाचं नाही. पत्रात हा फरक आला की गाईडना कळतं की मुलगी नुसती वेळ मागत नाहीये.

एखादं नमुना पत्र मिळेल का?

हे घ्या. भाषा तुमच्या आणि गाईडच्या संबंधाप्रमाणे सैल किंवा घट्ट करा, पण क्रम शक्यतो असाच ठेवा.

> दि. 6 जानेवारी 2025
>
> विषय: माहिती संकलनाच्या सुधारित वेळापत्रकास मान्यता मिळण्याबाबत
>
> आदरणीय मॅडम,
>
> सादर प्रणाम.
>
> ऊसतोड कुटुंबांच्या अभ्यासातील पहिली फेरी नियोजनाप्रमाणे पूर्ण झालेली नाही. 120 पैकी 46 स्त्रियांच्या मुलाखती गाव सोडण्यापूर्वी झाल्या, 74 राहिल्या. या 74 जणींकडून उचल, गावी ठेवलेली मुले आणि दवाखान्यातील भरती एवढेच आता मागाहून विचारता येईल. किरकोळ आजारपणाची स्थलांतरापूर्वीची माहिती या हंगामात मिळू शकत नाही, कारण ती आठवणीवर विचारल्यास हंगामाचा परिणाम आहे त्याहून मोठा दिसेल. म्हणून वेळापत्रकात आणि काही अंशी आराखड्यातही बदल सुचवत आहे.
>
> नैतिकता समितीची मंजुरी 22 ऑक्टोबरला मिळाली, तोवर टोळ्या निघू लागल्या होत्या. त्याच काळात निवडणुकीमुळे गावांत मुलाखतींना प्रतिसाद कमी होता. ही दोन्ही कारणे आता उरलेली नाहीत.
>
> एक अडचण मात्र कायम आहे. डिसेंबरमध्ये सोलापूर जिल्ह्यातील दोन फडांवर जाऊन आले. मुकादमांनी परवानगी दिली, परंतु मुलाखतीच्या वेळी ते किंवा त्यांचा माणूस जवळच थांबला. उचल आणि आजारपणातील खाडे यांविषयी स्त्रिया त्यांच्यासमोर बोलल्या नाहीत. त्या मुलाखती मी माहितीत धरलेल्या नाहीत. यापुढे मुलाखत फडावर न घेता संध्याकाळी त्यांच्या राहत्या झोपडीत, कोपीवर, स्वयंपाकाच्या वेळी घ्यावी आणि सोबत गावातील ओळखीची एक आशा कार्यकर्ती असावी, असा विचार आहे. तिच्या प्रवासखर्चासाठी आपली मान्यता लागेल.
>
> सुधारित नियोजन असे:
>
> पहिला गट (46 स्त्रिया). दुसरी फेरी 15 जानेवारी ते 20 फेब्रुवारी 2025. तिसरी फेरी प्रत्येक कुटुंब गावी परतल्यापासून सहा ते दहा आठवड्यांदरम्यान.
>
> दुसरा गट (उरलेल्यांपैकी तयार असतील त्या, कमी पडल्यास त्याच गावांतील नव्या). पहिली फेरी ऑगस्ट 2025 पासून टोळ्या निघेपर्यंत, दुसरी डिसेंबर 2025 व जानेवारी 2026, तिसरी पहिल्या गटाप्रमाणेच परतीनंतर. हे काम जून 2026 पर्यंत संपावे.
>
> यात एक उणीव राहते. दोन गटांचे हंगाम वेगळे असतील. पाऊस, उसाची उपलब्धता आणि हंगामाची लांबी सारखी नसेल, त्यामुळे दोन्ही गटांची माहिती सरळ एकत्र करता येणार नाही. प्रत्येक गटाचे विश्लेषण आधी स्वतंत्र करून मग तुलना करावी, असे मला वाटते. यावर आपले मत हवे आहे.
>
> दुसरा पर्याय 46 स्त्रियांवरच काम पूर्ण करण्याचा आहे. त्यात एक वर्ष वाचते. परंतु तिसऱ्या फेरीपर्यंत काही जणी गळतील, आणि उरलेल्या संख्येत जमिनीची मालकी वा उचलीच्या रकमेनुसार पोटगट पाडता येणार नाहीत. तो पर्याय निवडल्यास संशोधनाचा तिसरा उद्देश, म्हणजे या पोटगटांची तुलना, वगळावा लागेल.
>
> माझी नोंदणी जुलै 2023 ची असल्याने कोणत्याही पर्यायात नोंदणीस मुदतवाढ लागत नाही.
>
> पुढील फेरी 15 तारखेला सुरू करायची असल्याने पहिल्या गटाच्या वेळापत्रकास 12 जानेवारीपर्यंत होकार मिळाल्यास बरे होईल. दुसऱ्या गटाचा निर्णय सल्लागार समितीच्या बैठकीत घेतला तरी चालेल.
>
> आपली विद्यार्थिनी,

पत्रात दुसरा पर्याय का द्यायचा? आपल्याला हवं तेवढंच मागितलं तर?

एकच पर्याय दिला की गाईडकडे हो किंवा नाही एवढंच उरतं, आणि कामाच्या गर्दीत "नंतर बोलू" हे तिसरं उत्तर येतं. दोन पर्याय त्यांच्या किमतीसकट समोर ठेवले की चर्चा आराखड्यावर होते. पण दुसरा पर्याय खरा हवा. मुद्दाम वाईट लिहिलेला पर्याय गाईडना लगेच ओळखू येतो, त्यांनीही कधीतरी असं पत्र लिहिलेलं असतं.

आणखी एक गोष्ट पाहा. या पत्रात तातडीचा निर्णय आणि सवडीचा निर्णय वेगळा केला आहे. 46 जणींची दुसरी फेरी थांबवून चालणार नाही, ऊस संपला की माणसं निघून जातील. दुसऱ्या गटाला ऑगस्टपर्यंत वेळ आहे. दोन्ही एकत्र मागितले असते तर दोन्ही अडकले असते.

वेळापत्रकात तारखा किती पक्क्या द्यायच्या?

तुमच्या हातात असलेल्या गोष्टींच्या तारखा द्या, नसलेल्यांच्या घटना द्या. "तिसरी फेरी 1 एप्रिलपासून" असं लिहिलं आणि कारखाना फेब्रुवारीतच बंद झाला, तर परतीनंतरचा ठरलेला काळ हुकू शकतो. म्हणून "परतल्यापासून सहा ते दहा आठवड्यांदरम्यान" असं लिहिलं आहे. तुलनेसाठीही हेच योग्य, कारण प्रत्येक बाईला परतून साधारण सारखाच काळ झालेला असतो.

पक्क्या तारखांमागे मात्र हिशेब असू द्या. समजा 46 जणी अशा पांगल्या आहेत: सोलापूर जिल्ह्यात 19, पुण्यात 12, सांगलीत 9 आणि कर्नाटकात बेळगावकडे 6. फडावरचा दिवस पहाटे, कधी त्याही आधी सुरू होतो. दुपारी तोडणी थांबली तरी बाई मोकळी नसते, मोळ्या बांधून गाडी भरायची असते, आणि गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच. कोपीवर येऊन चूल पेटली की बोलायला तास-दीड तास मिळतो. दिवसाला दोन मुलाखती झाल्या तर पुष्कळ. म्हणजे 23 दिवस मुलाखतींचे. शिवाय चार जिल्ह्यांतला प्रवास आणि टोळीने जागा बदलल्यावर तिला शोधण्यात जाणारे दिवस. 15 जानेवारी ते 20 फेब्रुवारी हे 37 दिवस होतात, त्यात हे बसतं, पण फार सैल नाही. हिशेब पत्रात मांडायची गरज नाही, सोबत अर्ध्या पानावर जोडा.

पत्र गाईडनाच लिहायचं की सल्लागार समितीलाही?

पत्र गाईडना. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार दर सत्राला सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावी लागते, तिथे हेच पत्र आणि गाईडचं उत्तर जोडता येतं. समितीला परस्पर लिहू नका. गाईडना ती बातमी बैठकीत कळली तर पुढची दोन वर्षं अवघड जातात.

नैतिकता समितीला पुन्हा विचारावं लागतं का?

नुसत्या तारखा बदलल्या तर बहुतेक ठिकाणी कळवणं पुरतं. आपल्या उदाहरणात मात्र मुलाखतीची जागा बदलते आहे, सोबत आशा कार्यकर्ती येते आहे आणि नव्या स्त्रिया घेतल्या जाणार आहेत. हे मंजूर आराखड्यातले बदल आहेत. ते अमलात आणण्याआधी दुरुस्तीची मंजुरी घ्या आणि मंजुरीची मुदत कधी संपते तेही पाहा. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आरोग्यविषयक संशोधनाला लागू होतात, आणि आजारपणाबद्दल विचारताय म्हटल्यावर तुमचा विभाग समाजशास्त्राचा आहे ही सबब चालत नाही. वरच्या नमुन्यात 15 जानेवारीची तारीख धरायची असेल तर दुरुस्तीचा अर्ज पत्राच्याच दिवशी जायला हवा. मंजुरी उशिरा आली तर तोवर जुन्याच पद्धतीने, सोबत कुणी न घेता, सुरुवात करावी लागेल.

आशा कार्यकर्तीबद्दल एक इशारा. ती गावातली असल्याने बाई मोकळी होते, हे खरं. पण तीच गावातली असल्याने काही गोष्टी बाई तिच्यासमोर सांगणार नाही, विशेषतः गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेबद्दल. 2019 मध्ये बीडमधला हा विषय देशभर गाजल्यापासून त्याबद्दल बोलताना लोक अधिकच सावध झाले आहेत. तेवढा भाग एकटीनेच विचारायचा.

मुकादमाचं नाव, कारखान्याचं नाव पत्रात लिहू का?

नको. हे पत्र फाइलला लागतं, समितीत फिरतं, कधी माहिती अधिकारातही मागितलं जातं. "एका टोळीचा मुकादम" एवढं पुरे. बाईने तुमच्याशी काय बोललं हे त्याच्यापर्यंत पोचलं तर पुढच्या वर्षीच्या उचलीवर परिणाम होऊ शकतो. गावांची नावंही तालुक्यापर्यंतच ठेवा. वरच्या पत्रात तेवढ्याचसाठी गाव नाही.

नोंदणीची मुदत आणि फेलोशिप?

या दोन मुदती वेगळ्या आहेत आणि लोक त्या हमखास एकत्र करतात. 2022 च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहेत. पुनर्नोंदणीने आणखी दोन मिळू शकतात आणि स्त्रियांना त्यावर दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. जेआरएफ मात्र एसआरएफ धरून पाच वर्षांची असते, आणि दोन वर्षांनंतर एसआरएफ मिळण्यासाठी कामाचं मूल्यमापन होतं. ते नेमकं अर्धवट फील्डवर्कच्या काळात येतं. तेव्हा मान्य झालेलं सुधारित वेळापत्रक हाताशी असलं की "काम मागे पडलंय" ऐवजी "मान्य वेळापत्रकाप्रमाणे चालू आहे" असं दाखवता येतं. आणि प्रवासाचे पैसे या आर्थिक वर्षात मंजूर असतील तर 31 मार्चच्या आत बिलं लावा. दुसरा गट पुढच्या वर्षात जातोय, त्याची तरतूद वेगळी मागावी लागेल.

गाईडनी उत्तरच दिलं नाही तर?

आठवण करा, पण नवीन पत्र लिहू नका. त्याच मेलखाली दोन ओळी: "मॅडम, 15 तारखेला निघायचं आहे. पहिल्या गटापुरता होकार मिळाला तर तिकिटं काढते." भेटीत किंवा फोनवर होकार मिळाला तर त्याच संध्याकाळी "आज बोलल्याप्रमाणे" असं लिहून मेल टाका. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा फाइलला लावता येत नाही.

सुधारित वेळापत्रकही कोलमडलं तर? ते आधी कसं ओळखायचं?

ऊसतोडीच्या बाबतीत खुणा बऱ्यापैकी आधी दिसतात. पुण्याचं साखर आयुक्तालय हंगामात किती कारखाने चालू आहेत आणि किती गाळप झालं याचे अहवाल काढतं. तुमच्या कारखान्याचं रोजचं गाळप उतरत चाललं किंवा टोळ्यांना लांबच्या गावातल्या छोट्या फडांवर पाठवायला लागले, की ऊस संपत आलाय असं धरा. 2024-25 च्या हंगामात ऊस कमी होता आणि बरेच कारखाने लवकर बंद झाले. तेव्हा ज्यांनी आपला क्रम जवळच्या जिल्ह्यापासून लावला होता, त्यांना लांबच्या टोळ्या परतीच्या वाटेवर भेटल्या. फडांचा क्रम अंतरावर न लावता ऊस कुठे आधी संपणार यावर लावा, आणि गाईडना पाठवायच्या वेळापत्रकातही तोच क्रम ठेवा.

पुढच्या गटासाठी हंगामाची तारीख मंत्री समिती साधारण सप्टेंबरात ठरवते. तोवर थांबू नका, पहिली फेरी ऑगस्टमध्येच सुरू करा. उचलीचे व्यवहार तेव्हा ताजे असतात आणि माणसं घरी असतात. मध्येच एखादी निवडणूक लागू शकते, हेही धरून चाला. त्यामुळे वेळापत्रकाखाली एक ओळ जोडा: ठरलेल्या मुलाखतींपैकी निम्म्या सप्टेंबरअखेर झाल्या नाहीत, तर दुसरा गट लहान करून तिसरा उद्देश वगळण्याबद्दल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मॅडमशी बोलेन.